कोपरखैरण्यातले दोन एसी आणि ८,८५० रुपयांची वॉरंटी

दीड टनाचे दोन इन्व्हर्टर स्प्लिट एसी, एकाच दुकानातून एकाच दिवशी घेतलेले, प्रत्येकी ४१,००० रुपयांना. एक हॉलमध्ये, एक बेडरूममध्ये. घर कोपरखैरण्यात, माझ्या मामेबहिणीचं. पहिल्या वर्षाची वॉरंटी संपायला महिना उरला आणि कंपनीच्या कॉल सेंटरवरून फोन सुरू झाले. पुढच्या चार वर्षांसाठी एक्स्टेंडेड वॉरंटी घ्या, एका एसीचे ७,५०० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८,८५०. दोन्हींचे १७,७००.

फोनवरच्या मुलीचं वाक्य ठरलेलं होतं: "मॅडम, कॉम्प्रेसर गेला तर पंधरा-अठरा हजारांना पडेल." भाऊजींना ते पटलं होतं. बहिणीला पटलं नव्हतं, पण नाही म्हणायला तिच्याकडे आकडा नव्हता. मी काही वर्षं ठाण्यात एका सर्व्हिस फ्रँचायझीत जॉब शीट, म्हणजे तंत्रज्ञांनी भरलेल्या दुरुस्तीच्या नोंदी बघायचं काम केलंय, म्हणून तिने मला बोलावलं. "दादा, घ्यायची की नाही एवढंच सांग."

एवढंच सांगता येत नाही, कारण सगळ्या घरांना लागू पडेल असं उत्तर नसतं. पण त्या घरापुरतं उत्तर काढता येतं, आणि त्यासाठी लागणारे कागद बहुतेकदा त्याच इमारतीत कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये पडलेले असतात.

सगळ्यात आधी आम्ही खरेदीसोबत आलेलं वॉरंटी कार्ड काढलं. लोक ते फाइलला लावतात आणि वाचत नाहीत. त्यावर स्वच्छ लिहिलं होतं: कॉम्प्रेसर १० वर्षं, पीसीबी म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड ५ वर्षं, बाकी सगळं १ वर्ष. म्हणजे ज्या कॉम्प्रेसरची भीती दाखवून प्लॅन विकला जात होता, तो भाग कंपनी दहा वर्षं फुकट बदलून द्यायला आधीच बांधलेली होती. इन्व्हर्टर एसीतला दुसरा महागडा भाग म्हणजे बाहेरच्या युनिटची पीसीबी. ती सात ते बारा हजारांची असते, पण प्लॅनच्या पूर्ण मुदतीत तीसुद्धा मूळ वॉरंटीतच येत होती. यात एक पळवाट मात्र लक्षात ठेवावी. कॉम्प्रेसर फुकट म्हणजे फक्त तो भाग फुकट. तो बसवायची मजुरी, नव्याने भरायचा गॅस आणि विझिट चार्ज बहुतेक कार्डांवर ग्राहकाच्या माथी असतात. तरी तो खर्च तीन-चार हजारांचा, अठराचा नव्हे.

मग ८,८५० रुपयांत नवं काय मिळत होतं? कुलिंग कॉइल, कंडेन्सर, गॅस, दोन पंख्यांच्या मोटर, सेन्सर, स्विंग मोटर. यातल्या मोटर आणि सेन्सर किरकोळ. खरा प्रश्न कॉइलचा आणि गॅसचा होता, आणि नवी मुंबईत तो प्रश्न पुण्या-नाशिकइतका साधा नाही.

बहिणीची इमारत नाल्याला लागून आहे. हॉलची खिडकी रस्त्याकडे, बेडरूमची नाल्याकडे. उन्हाळ्यात पाणी आटलं की संध्याकाळी कुजक्या अंड्यासारखा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइड, सांडपाणी साचून कुजलं की होणारा. हा वायू तांब्याला लागला की पृष्ठभागावर काळा थर चढतो आणि हळूहळू नळीला बारीक खड्डे पडत जातात. एसीच्या आतल्या कॉइलच्या नळीची भिंत अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ असते. शिवाय ही कॉइल कुलिंग चालू असताना सतत ओली असते. त्या ओलाव्यात वायू विरघळतो, म्हणून बाहेर उन्हापावसात लटकलेल्या कंडेन्सरपेक्षा खोलीतली कॉइलच आधी फुटते. ऐकणाऱ्याला हे उलटं वाटतं, पण जॉब शीटमध्ये हेच दिसायचं.

घराची हवा कशी आहे हे बघायला महागडं यंत्र लागत नाही. महापे-ऐरोलीकडे जी डेटा सेंटर आहेत, तशा ठिकाणी हवा तपासायला तांब्याच्या आणि चांदीच्या पट्ट्या ठेवतात आणि महिन्याभरात त्यांच्यावर किती थर चढला ते मोजतात. बहिणीच्या घरात तसलीच पट्टी आधीपासून होती. देवघर बेडरूमच्या बाजूला आहे. तिथलं चांदीचं निरांजन घासून ठेवलं की पंधरवड्यात काळवंडतं, आणि हॉलमधल्या काचेच्या कपाटातला चांदीचा पेला महिनोन्‌महिने तसाच राहतो. कपाट बंद असतं म्हणून तुलना अगदी चोख नाही. म्हणून तिने पेला काही दिवस हॉलमध्ये उघड्यावर ठेवला. तो निरांजनाच्या मानाने फार हळू काळा पडला.

आता दुरुस्तीचा इतिहास. बहिणीने सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं, "इन्व्हर्टर स्प्लिट एसीची दुरुस्ती झाली असेल तर बिलाचा फोटो टाका." सहा जणांनी टाकले. सहाही बिलं कॉइलची किंवा गॅसची. भाऊजी म्हणाले, "बघा, सगळ्यांचेच बिघडतात. घेऊन टाकू."

इथे जरा थांबावं लागतं. ज्याचा एसी बिघडला तोच बिल टाकणार. ज्याचा चार वर्षं मुकाट चालला तो ग्रुपवर काय सांगणार? प्रश्नच असा होता की फक्त रडगाणी गोळा व्हावीत. म्हणून बहिणीने संध्याकाळी घरोघर जाऊन वेगळं विचारलं: एसी कधी घेतला, कुठल्या बाजूला आहे, आणि आजवर काहीच झालं नसेल तर तसंही सांगा. अशी सोळा एसींची माहिती जमली.

हिशेब वर्षांचा करायचा होता, कारण कुणाचा एसी दोन वर्षांचा, कुणाचा सहा वर्षांचा. म्हणून प्रत्येक एसीची फक्त दुसऱ्या ते पाचव्या वर्षातली उलटून गेलेली वर्षं मोजली. पहिलं वर्ष वगळलं, कारण ते कंपनीच्या खर्चाने असतं. सहाव्यापासून पुढचीही वगळली, कारण प्लॅन तिथवर जात नाही. सोळा एसींची मिळून ४५ वर्षं झाली. नाल्याकडच्या सात एसींची २०, रस्त्याकडच्या नऊ एसींची २५.

बिलं वाचताना एक गोष्ट खटकली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे गॅस चार्जिंगची चार बिलं होती, दीड वर्षातली. ती चार बिघाड म्हणून धरली तर हिशेब फुगतो. एसीतला गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. बंद नळीत तोच फिरत राहतो. तो कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता नुसता गॅस भरून गेलेला मेकॅनिक पुन्हा बोलावला जाणारच असतो. काकांची चार बिलं म्हणजे एकच न दुरुस्त झालेलं लीकेज. आम्ही ते एकदाच धरलं, आणि खर्चही नीट दुरुस्तीला जितका लागला असता तितकाच धरला. नीट काम म्हणजे नायट्रोजन भरून दाब द्यायचा, साबणाच्या पाण्याने बुडबुडे शोधायचे, जागा सापडली की ब्रेझिंग करायचं, म्हणजे धातू वितळवून ती बुजवायची, मग व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल काढायची आणि युनिटच्या लेबलवर लिहिलेल्या वजनाइतकाच आर-३२ गॅस काट्यावर मोजून भरायचा. "प्रेशर बघून भरतो" म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवावा.

सगळं लावून झाल्यावर ४५ वर्षांत एकूण चौदा बिघाड निघाले. कुलिंग कॉइलची गळती सात वेळा. त्यातल्या चार ठिकाणी ब्रेझिंग आणि गॅसवर भागलं, साधारण ३,८०० रुपयांत. तीन ठिकाणी कॉइलच बदलावी लागली, गॅससकट ९,००० रुपये. बाहेरच्या पाइपच्या जोडावरची गळती दोनदा, ३,५०० प्रमाणे. पंख्याची मोटर एकदा, २,८००. सेन्सर दोनदा, ९०० प्रमाणे. पीसीबी दोनदा गेली, पण मूळ वॉरंटीत बदलून मिळाली, फक्त विझिटचे ७०० गेले. कॉम्प्रेसर एकाचाही गेला नव्हता. बेरीज ५५,२००. भागिले ४५ म्हणजे एका एसीला वर्षाला साधारण १,२२७ रुपये, चार वर्षांना ४,९००.

४,९०० चा खर्च टाळायला ८,८५० कोण देईल? भाऊजी इथेच वही मिटत होते. पण ही सरासरी दोन वेगळ्या इमारतींची असल्यासारखी होती. नाल्याकडची बिलं वेगळी काढली तर सातपैकी सहा कॉइल तिथल्याच निघाल्या. त्या बाजूचा एकूण खर्च ४३,५००, वर्षं २०, म्हणजे चार वर्षांना ८,७००. रस्त्याकडचा खर्च ११,७००, वर्षं २५, चार वर्षांना १,९०० पेक्षाही कमी.

हॉलच्या एसीचा निकाल तिथेच लागला. १,९०० च्या जोखमीसाठी ८,८५० मोजण्यात अर्थ नव्हता. बेडरूमचा मात्र काट्यावर आला. ८,७०० विरुद्ध ८,८५०. आकडे थोडे आहेत हेही ध्यानात घ्यायचं. वीस वर्षांत कॉइलच्या सहा गळत्या दिसल्या. नशिबाच्या फेऱ्यात त्या तीन किंवा नऊही दिसल्या असत्या. अशा वेळी दीडशे रुपयांच्या फरकावर भांडायचं नसतं. बेडरूमला प्लॅन घेण्यासारखा आहे, इतकंच त्यातून म्हणता येत होतं. शिवाय मनाची शांती म्हणून थोडे जास्त द्यायलाही हरकत नसते, पण ते अशा ठिकाणी, जिथे एका झटक्यात बसणारा खर्च घराला झेपणारा नसेल. टीव्हीचं पॅनेल गेलं तर निम्म्याहून जास्त किंमत जाते, तिथे मी वेगळा विचार करीन. इथे सगळ्यात वाईट बिल नऊ-दहा हजारांचं होतं. बहिणीच्या घराला ते जड गेलं असतं, पण कर्ज काढावं लागलं नसतं.

मग प्लॅनच्या अटी मागवल्या. फोनवर "मॅडम, सगळं कव्हर आहे" हे उत्तर तीनदा मिळालं. म्हणून बहिणीने ईमेल केला, आणि त्यात मोघम काही न विचारता एकच प्रसंग लिहिला: तिसऱ्या वर्षी कुलिंग कॉइल गंजून गॅस गळाला, तर कॉइल, गॅस आणि मजुरी यातलं काय काय मोफत? उत्तर चार दिवसांनी आलं. कॉइल मोफत, सोबतचा गॅस आणि मजुरीही मोफत. पण दूषित किंवा गंज आणणाऱ्या वातावरणामुळे झालेली गळती वगळून, आणि कारण तंत्रज्ञाच्या अहवालाप्रमाणे ठरेल. बाहेरच्या पाइपचे जोड हे इन्स्टॉलेशनचं काम, तेही वगळून.

या एका वाक्यावर सगळा हिशेब फिरला, कारण बिलं नुसती गळतीची नव्हती, त्यांच्यावर गळतीची जागाही होती. कॉइलच्या कडेला नळ्या इंग्रजी यूच्या आकारात वळतात आणि तिथे जोड असतात. जोडावर तेलाचा ओलसर डाग आणि बाकी नळी लाल-तपकिरी दिसत असेल, तर जोड कच्चा होता. हा कंपनीचा दोष, वादच नाही. पण फिन्सच्या, म्हणजे नळ्यांभोवतीच्या पातळ पत्र्यांच्या आत एकापेक्षा जास्त ठिकाणी सुईच्या टोकाएवढी भोकं सापडली आणि सगळी कॉइल काळी पडलेली असली, तर तो गंज. अशी कॉइल एका जागी ब्रेझ केली तर सहा महिन्यांत दुसरीकडून गळते, म्हणून जाणते मेकॅनिक ती बदलायलाच सांगतात. नाल्याकडच्या सहापैकी दोन गळत्या यू-बेंडच्या होत्या, चार काळ्या कॉइलच्या. बदललेल्या तिन्ही कॉइल या चारांतल्याच.

या काळ्या कॉइल आणि बाहेरचा एक जोड वजा केला, तर नाल्याच्या बाजूला वीस वर्षांत कंपनीने भरले असते असे उरतात ९,२०० रुपये. चार वर्षांना १,८४०. ज्या कारणासाठी बेडरूमला प्लॅन हवा होता, नेमकं तेच कारण प्लॅनच्या बाहेर होतं. किंमत तीच ८,८५०, आणि मिळणार हॉलच्या एसीइतकंच.

भाऊजींनी एक रास्त मुद्दा काढला. त्याच बाजूच्या, पाचव्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने गेल्या वर्षी असाच प्लॅन घेतला होता. त्याची कॉइल काळी होती, तरी कंपनीने फुकट बदलून दिली. आम्ही त्याचा जॉब शीट पाहिला. तंत्रज्ञाने कारणाच्या रकान्यात फक्त "गॅस लीकेज, कॉइल बदलली" लिहिलं होतं. गंजाचा उल्लेखच नाही. हे होतं. मे महिन्यात दिवसाला बारा कॉल असलेला मुलगा कारण शोधत बसत नाही, आणि ज्या सेंटरला बदललेल्या भागाचं काम कंपनीकडून मिळतं, त्यालाही वाद नको असतो. उलटही होतं. वर्षअखेरीला वरून खर्च आवरायचा निरोप आला की त्याच रकान्यात "वातावरणामुळे" हा शब्द सर्रास दिसू लागतो. मी दोन्ही प्रकारचे जॉब शीट पाहिले आहेत.

म्हणून तोही हिशेबात घेतला. समजा, काळ्या कॉइलचे निम्मे दावे असे सुटतात. चार काळ्या कॉइलचा खर्च ३०,८०० होता, म्हणजे चार वर्षांना ६,१६०, त्याचे निम्मे ३,०८०. त्यात आधीचे १,८४० मिळवले की ४,९२०. नशिबावर इतका विश्वास टाकूनही प्लॅनची लायकी पाच हजारांच्या पुढे जात नव्हती. शिवाय दर वर्षी कंपनीकडूनच पैसे देऊन सर्व्हिस करून घेण्याची अट होती. ओळखीचा मेकॅनिक वेट सर्व्हिस, म्हणजे पाण्याने धुऊन साफसफाई सहाशेत करतो, कंपनी त्याहून बरेच जास्त घेते. तो फरक वेगळाच.

कॉइलवर निळा थर आहे म्हणून गंज होणार नाही, असं दुकानदाराने सांगितलं होतं. तो थर मुख्यत्वे ॲल्युमिनियमच्या फिन्सवर असतो. तांब्याची नळी आणि तिचे वळणावरचे उघडे भाग बहुतेक मॉडेलमध्ये त्याच्या बाहेर राहतात. निळ्या कॉइल काळ्या झालेल्या नाल्याकडच्या घरांमध्येच दिसल्या. आणि सगळा दोष नाल्याचाही नाही. नव्या प्लायवूडच्या फर्निचरमधून, गोंदातून आणि रूम फ्रेशनरमधून निघणारी सेंद्रिय आम्लं ओलाव्याबरोबर तांब्यात मुंगीच्या वारुळासारखी बारीक भुयारं पाडतात. बेडरूममध्ये नवा वॉर्डरोब होता आणि प्लगला लावायचा सुगंधी डबा चोवीस तास चालू असायचा. तो डबा बहिणीने काढला. रात्री एसी बंद करण्याआधी थोडा वेळ नुसता फॅन मोड ठेवायची सवय लावली, म्हणजे कॉइल कोरडी होते.

बेडरूमसाठी तिने कंपनीला पुन्हा ईमेल लिहिला: गंजाची अट काढून, कारण कुठलंही असो कॉइल बदलून देऊ असं लेखी द्या, मी आजच ८,८५० भरते. त्याला उत्तर आलं नाही. फोन मात्र चालू राहिले, आणि वॉरंटी संपायच्या शेवटच्या आठवड्यात भाव ६,४९० वर आला. अटी त्याच. तिने पाच हजार सांगितले, समोरून "सिस्टिम अलाव करत नाही" आलं.

दोन्ही एसींना प्लॅन घेतला नाही. कंपनीचा सर्वसमावेशक एएमसी, म्हणजे वार्षिक देखभाल करार, एकेका वर्षाचा असतो आणि चालू स्थितीतल्या एसीला तो तपासणी करून नंतरही मिळतो, हे तिने सर्व्हिस सेंटरला विचारून ठेवलं आहे. त्याच्याही अटींत गंजाबद्दल काय आहे ते ती आधी वाचणार आहे. मार्चमध्ये वेट सर्व्हिसला आलेल्या मेकॅनिकला तिने बेडरूमच्या कॉइलची कडेची वळणं टॉर्च लावून दाखवायला सांगितली. दोन यू-बेंडवर काळेपणा चढायला लागला आहे, तेलाचा डाग नाही. फोटो काढून तारखेसकट फाइलला लावला, बिलांच्या मागे.